पोस्टात होती म्हणून वाचलेली चार मिनिटं

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं आणि पुण्यात मुठेकाठच्या पेठांमधली कितीतरी घरं दिवसाउजेडी वाहून गेली. माझ्या मावसबहिणीच्या आजोबांचा वाडा त्यातलाच. माणसं वेळेत बाहेर पडली, पण भांडीकुंडी, दागिने, कागदपत्रं आणि ट्रंकेतले सगळे फोटो गेले. त्यामुळे त्या घरात 'पुराआधीचं काहीच उरलं नाही' हे वाक्य तीन पिढ्या बोललं गेलं. दोन वर्षांपूर्वी काकांचा फ्लॅट पुनर्विकासाला जाणार म्हणून माळा रिकामा करताना तिला तपकिरी कागदात गुंडाळलेला पिवळा खोका सापडला. कागदावर आजोबांचा नवा पत्ता होता, मुंबईच्या टपालाचा शिक्का होता, आणि शिक्क्यातला दिवस पुसट असला तरी 'ऑगस्ट १९६१' वाचता येत होतं. आत तळहातावर मावेल एवढं एक रीळ.

मित्राकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर आजोबांनी हे रीळ भरलं होतं आणि धुण्यासाठी मुंबईला पाठवलं होतं. पूर आला तेव्हा ते मुंबईत होतं. परत आलं तेव्हा ज्या भिंतीवर ते दाखवायचं ती भिंतच नव्हती, आणि प्रोजेक्टर तर कधी नव्हताच. खोका माळ्यावर गेला तो गेलाच.

या रिळाचा तिने अकरा मिनिटांचा लघुपट केला. तो कसा केला ते मी जवळून पाहिलं, आणि त्यातला सगळ्यांत मोलाचा भाग मला जोडणीच्या आधीचा वाटतो. रीळ पडद्यावर जाण्याआधी हातात धरून वाचायचं असतं, आणि ते वाचून झाल्याशिवाय त्यातलं काहीही चालवायचं किंवा कापायचं नसतं.

खोका सापडला त्याच आठवड्यात ओळखीच्या एका दुकानदाराने सांगितलं, "माझ्याकडे जुना प्रोजेक्टर आहे, भिंतीवर लावू आणि मोबाईलवर शूट करून घेऊ." घरातले सगळे उत्सुक होते. तिने मात्र रीळ नाकाशी नेलं आणि नको म्हणाली. रिळाला हलका, आंबूस वास येत होता.

तो वास व्हिनेगरचाच असतो. या फिल्मची पट्टी सेल्युलोज अॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची असते. उष्णता आणि दमट हवा यांमुळे ते प्लास्टिक हळूहळू विघटित होतं आणि त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं. सुटलेलं आम्ल पुढचं विघटन आणखी वेगाने घडवतं, म्हणून वास सुरू झाल्यावर बिघाड थांबत नाही, फक्त मंदावता येतो. पट्टी आकसते, वळते, ठिसूळ होते, आणि शेवटी चित्र ज्या थरावर आहे तो थर पट्टीपासून सुटतो. आपल्याशी याचा जुना संबंध आहे. १९४८च्या सुमारास या प्लास्टिकचा सुधारित प्रकार बाजारात आला आणि दशकभरातच कोडॅक कंपनीकडे त्याच्या बिघाडाची पहिली तक्रार गेली, ती भारत सरकारकडून. आपल्या उष्ण, दमट हवेत ठेवलेल्या फिल्मने हा रोग सगळ्यांच्या आधी दाखवला.

आकसलेल्या पट्टीचा प्रोजेक्टरशी मेळ बसत नाही. प्रोजेक्टरचे दाते ठरावीक अंतरावर असतात आणि पट्टीची भोकं एकमेकांच्या जवळ सरकलेली असतात. एक टक्का आकसलेली पट्टीसुद्धा दात्यांवर फाटू शकते, आणि अडकून थांबली तर दिव्याच्या उष्णतेने ती फ्रेम जळते. त्यातून हे रीळ 'रिव्हर्सल' फिल्मचं होतं. तिची निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन त्याच पट्टीवर चित्र उमटवतात. म्हणजे फाटलं ते कायमचं फाटलं.

मग तिने ते हाताने वाचलं. पांढरे सुती हातमोजे, फोटोवाल्याकडची दिव्याची पेटी, एक भिंग आणि हाताने फिरवायच्या दोन गुंडाळण्या. फिल्म कडेने धरायची, ओढायची नाही. तिने पहिल्यांदा रुंदी मोजली. आठ मिलिमीटर. मग भोकं पाहिली. एकाच कडेला भोकं होती, चांगली मोठी, आणि प्रत्येक भोक दोन फ्रेमच्या मधल्या रेघेवर होतं. यावरून ही १९३२ साली आलेली मूळ ८ मिमी ठरली. १९६५ साली सुपर ८ आली, तिची रुंदी तेवढीच असली तरी भोक बारीक असतं आणि फ्रेमच्या मध्याशी येतं. हा फरक डोळ्यांनी कळतो, आणि तो आधी कळणं गरजेचं असतं, कारण दोन्हींची यंत्रं वेगळी आहेत.

या जुन्या ८ मिमीची एक गंमत तिला पुढे फार उपयोगी पडली. कॅमेऱ्यात घालायची फिल्म १६ मिलिमीटर रुंद आणि २५ फूट लांब असे. ती एकदा चालवली की फक्त अर्ध्या रुंदीवर चित्रं उमटत. मग झाकण उघडायचं, रीळ उलटं करून बसवायचं आणि दुसऱ्या अर्ध्या भागावर पुन्हा चित्रण करायचं. धुतल्यावर पट्टी मधोमध उभी कापून दोन भाग टोकाला टोक जोडत आणि ५० फुटांचं एक रीळ तयार होई. उलटापालट सावलीत करावी लागे, तरी थोडा उजेड शिरायचाच. म्हणून अशा रिळाच्या सुरुवातीला, शेवटी आणि बरोबर मध्ये पांढऱ्या झगझगीत फ्रेम सापडतात. हिच्या रिळातही मधोमध एक सांधा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तो उजेड.

५० फुटांत ४,००० फ्रेम बसतात. एकेक फ्रेम अंदाजे साडेचार बाय साडेतीन मिलिमीटरची, साबुदाण्याच्या दाण्याएवढी. त्या दाण्यात भिंगाखाली तिला पहिल्यांदा आजी दिसली. चौकातल्या हौदापाशी उभी, पदराने तोंड झाकत हसणारी.

काही ठिकाणी बुरशीच्या बारीक नक्ष्या होत्या. बुरशी लागलेल्या फिल्मला पाणी लावायचं नसतं. चित्राचा थर जिलेटिनचा असतो, बुरशी त्याला आतून सैल करते आणि पाण्याने तो विरघळून निघू शकतो. तिने फक्त मऊ, कोरड्या मखमलीतून पट्टी हलकेच काढली. पुढचं काम तिने मुंबईतल्या एका तंत्रज्ञाकडे सोपवलं, आणि ते शहाणपणाचं होतं. त्याच्याकडच्या स्कॅनरला दातेच नाहीत. पट्टी गुळगुळीत रोलरवरून सरकते, कॅमेरा भोकाची जागा बघून फ्रेम ओळखतो आणि थंड दिव्यावर एकेक फोटो काढतो. तिने दोन गोष्टी आग्रहाने मागितल्या. एक म्हणजे भोकांसकट कडेपर्यंतचं सगळं टिपायचं. दुसरी म्हणजे तयार व्हिडिओच्या जोडीला प्रत्येक फ्रेमची वेगळी फाईल द्यायची. चार हजार फाईल, सगळ्या मिळून सुमारे ७५ जीबी. त्याहून वरच्या दर्जाचा हट्ट तिने धरला नाही आणि मला ते पटतं. एवढ्या छोट्या फ्रेममध्ये एका मर्यादेपलीकडे तपशील नसतोच, नुसते फिल्मचे कण मोठे होतात.

स्कॅन आला. पहिली तपासणी झाली दुकानाच्या पाटीवर. अक्षरं सरळ वाचता आली, म्हणजे फिल्म योग्य बाजूने स्कॅन झाली होती. आरशासारखी उलटी दिसली असती तर आजीच्या नाकातली नथही उजवीकडे गेली असती.

दुसरा प्रश्न वेगाचा. संगणकाने फाईल सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने उघडली आणि सगळी माणसं धावायला लागली. ८ मिमीचे कॅमेरे साधारण सेकंदाला १६ फ्रेम घेत. ४,००० फ्रेमना १६ने भागलं तर चार मिनिटं दहा सेकंद होतात, २५ने भागलं तर दोन मिनिटं चाळीस. जुन्या चित्रणातली माणसं तुरुतुरु चालताना दिसतात ती बहुतेक वेळा या चुकीमुळे. पण सगळेच कॅमेरे १६ने चालत नसत, म्हणून तिने खात्री करून घेतली, आणि तिची पद्धत मला अतिशय आवडली. रिळात ओंकारेश्वराजवळच्या नदीकाठी एक मुलगा दगडी भिंतीवरून सरळ खाली पाण्यात उडी टाकतो. भिंतीला टेकून एक माणूस उभा आहे, त्याचं डोकं भिंतीच्या माथ्याशी आहे. म्हणजे उंची अंदाजे १.६५ मीटर. एवढ्या उंचीवरून पडायला सुमारे ०.५८ सेकंद लागतो. वेग १६ असेल तर उडीला नऊ-दहा फ्रेम लागतील, २४ असेल तर चौदा. तिने मोजल्या, नऊ भरल्या. १६ आणि १८ यांतला फरक एवढ्याने ठरत नाही, पण २४ची शक्यता बाद झाली.

लघुपट सेकंदाला २४ फ्रेमवर तयार करायचा होता. मग दर दोन फ्रेममागे दुसरी फ्रेम दोनदा दाखवायची, म्हणजे १६च्या २४ होतात आणि चाल नैसर्गिक राहते. संगणकाकडून मधल्या खोट्या फ्रेम बनवून हालचाल गुळगुळीत करता येते. तिने तसं केलं नाही. आजोबांनी न टिपलेला क्षण आपण भरू नये, असं तिचं म्हणणं होतं.

काही शॉटच्या शेवटी मात्र माणसं एकदम घाई करतात आणि चित्र उजळतं. हा दोष कॅमेऱ्याच्या स्प्रिंगचा. किल्ली संपत आली की कॅमेरा मंदावतो, सेकंदाला कमी फ्रेम घेतो आणि प्रत्येक फ्रेमवर जास्त उजेड पडतो. आजीचा शॉट असाच संपतो. तिथे वेग दुरुस्त करणं सोपं होतं, पण तिने तो तसाच ठेवला, कारण त्या घाईतून कळतं की किल्ली संपेपर्यंत आजोबांनी बोट उचललं नाही.

आता तारीख. कडेपर्यंत स्कॅन करून घेतल्याचा फायदा इथे झाला. कोडॅकच्या पट्टीच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी बारीक चिन्हं छापलेली असतात. ती फिल्म तयार झाल्याचं वर्ष सांगतात, चित्रणाचं नाही, आणि तीच चिन्हं दर वीस वर्षांनी पुन्हा येतात. हिची चिन्हं १९४०, १९६० किंवा १९८० सांगत होती. टपालाचा शिक्का १९६१चा आणि वाडा उभा, म्हणजे फिल्म १९६०ची. रस्त्याच्या एका शॉटमध्ये भिंतीवर 'सांगत्ये ऐका'चं पोस्टर दिसतं. ते सापडल्यावर ती हरखून गेली, आता महिनाच हाती लागेल म्हणाली. पण १९५९ साली आलेला हा चित्रपट पुण्यातल्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षांत ते पोस्टर कुठल्याही दिवशी तिथे असू शकतं. त्या पोस्टरचा तारखेसाठी काही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला काकांच्या डोक्याचा. रिळाच्या दुसऱ्या भागात त्यांची मुंज आहे. मुंज आठव्या वर्षी, उन्हाळ्यात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९५३ होतं. म्हणजे दुसरा भाग १९६१च्या उन्हाळ्यातला, पुराच्या दोनेक महिने आधीचा. मग सगळं रीळ त्याच उन्हाळ्यातलं का? इथे मधला उजेड आठवला पाहिजे. पहिला भाग आणि दुसरा भाग यांच्यामध्ये कॅमेरा उघडला गेला होता, आणि दोन भागांत किती दिवस गेले ते पट्टी सांगत नाही. पहिल्या भागात चौकात धावणाऱ्या काकांच्या डोक्यावर भरपूर केस आहेत, मुंजीत डोकं तुळतुळीत आहे. म्हणजे पहिला भाग मुंजीच्या आधीचा, यापलीकडे काही म्हणता येत नाही. लघुपटातल्या पाट्यांवर तिने तेवढंच लिहिलं. पहिल्या भागावर 'वाडा आणि नदी, १९६०-६१', दुसऱ्यावर 'मुंज, उन्हाळा १९६१'.

माणसं ओळखण्याचं काम सगळ्यांत नाजूक. तिने रिळातून तीसेक चेहऱ्यांचे मोठे फोटो काढले, मागे फक्त आकडे घातले, आणि आत्याला आणि काकांना वेगवेगळ्या दिवशी, एकेकट्याला दाखवले. "हे अमुक ना?" असं विचारायचं नाही, असा तिचा नियम. एकाने नाव घेतलं की दुसऱ्याला तेच आठवायला लागतं. जिथे दोघांनी स्वतंत्रपणे एकच नाव सांगितलं ते नक्की धरलं, जिथे जमलं नाही तिथे नाव दिलं नाही. आत्या त्या वेळी दहा वर्षांची होती. अठरा नंबरचा फोटो हातात घेऊन ती म्हणाली, "अगं, ही आमच्या खालची भाडेकरीण. माझी वेणी हीच घालायची. पूर ओसरल्यावर ही माणसं कुठे गेली, आम्हाला कधी कळलंच नाही."

असं काम जगात याआधी झालेलं आहे. अमेरिकेतल्या ग्लेन कर्ट्झ यांना २००९ साली फ्लोरिडात घरच्यांच्या कपाटात आजोबांचं रीळ सापडलं. आजोबांनी १९३८ साली युरोपच्या सहलीत पोलंडमधल्या नाशेल्स्क गावात तीनेक मिनिटं चित्रण केलं होतं. तिथे सुमारे ३,००० ज्यू राहत होते, त्यांतले शंभरही युद्धातून वाचले नाहीत. फिल्म जवळजवळ गेली होती, ती वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाकडे सोपवून वाचवली गेली. संग्रहालयाने ती लोकांसाठी खुली केली, तेव्हा एका तरुणीने त्या गर्दीतला तेरा वर्षांचा मुलगा ओळखला. तो तिचा आजोबा होता, मॉरिस चँडलर, आणि ते हयात होते. मग त्यांनी इतरांची नावं सांगितली. बियांका स्टिग्टर यांनी २०२१ साली त्याच तीन मिनिटांवर ६९ मिनिटांचा चित्रपट केला. त्यात जवळजवळ सगळा वेळ पडद्यावर तेवढंच चित्रण आहे, थांबवून, मागे नेऊन, एकेक दार, एकेक गुंडी बघत.

माझ्या बहिणीने हा चित्रपट पाहिला होता आणि आपली जोडणी तिने त्यावरूनच ठरवली. लघुपटाची पहिली चार मिनिटं दहा सेकंद म्हणजे अख्खं रीळ आहे, मधल्या उजेडासकट, एकही काप न घेता आणि पूर्ण आवाजाविना. प्रेक्षकाने आधी आजोबांची फिल्म बघायची. त्यानंतर काही शॉट पुन्हा येतात, आता आत्याच्या आणि काकांच्या आवाजासह. चेहरा थांबतो, नाव ऐकू येतं, पुढे जातो. अठरा नंबरची बाई थांबते तेव्हा आत्या फक्त वेणीची गोष्ट सांगते. नाव आत्याला आठवत नाही, काकांनाही नाही, म्हणून पाटीवर नाव नाही.

घरात वाद झाले. आत्याला वाटत होतं मुंज आधी यावी, शुभ कार्याने सुरुवात व्हावी. चुलतभावाला रंग भरायचे होते आणि नदीच्या शॉटवर पाण्याचा आवाज हवा होता. तिने तिन्ही गोष्टी नाकारल्या. क्रम बदलला तर काकांचे केस मुंजीनंतर उगवतील. रंग भरायचे तर आजीच्या लुगड्याचा रंग कुणालाच आठवत नव्हता. आणि रीळ मुकं आहे, तेव्हा नदीचा आवाज कुठलातरी दुसऱ्या नदीचा असणार. मला या बाबतीत ती पूर्ण बरोबर वाटते. आठवणी सांगणाऱ्यांचा आवाज खरा आहे, तो वर घालता येतो. बाकीचं सजवणं म्हणजे जे थोडंफार पुरातून वाचलं त्यात आपल्या पदरचं मिसळणं.

मूळ रीळ तिने टाकून दिलं नाही. स्कॅन झाला म्हणून रीळ फेकणारी घरं मला माहीत आहेत. हार्ड डिस्क काही वर्षांत बंद पडते, आणि उद्याचा स्कॅनर आजच्याहून बरा असेल. रीळ आता सैलसर गुंडाळून, हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या डबीत, खोलीतल्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात आहे. माळ्यावर नाही, कारण तिथे उन्हाळ्यात भट्टी असते. जमिनीलगत नाही, कारण तिथे ओल असते. फाईलच्या तीन प्रती आहेत, त्यांतली एक दुसऱ्या गावी भावाकडे.

तुमच्या माळ्यावर असं रीळ असेल तर त्याचा वास घ्या. आंबूस असेल तर इतर रिळांपासून वेगळं करा आणि स्कॅनिंग लांबवू नका. प्रोजेक्टरवर लावू नका. खोका, चिठ्ठी, पाकीट काहीही फेकू नका. ते कुठे न्यावं कळत नसेल तर पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनमध्ये चौकशी करा. आणि घरात त्या काळातलं कुणी असेल तर स्कॅन येण्याची वाट बघू नका, त्यांचा आवाज आजच मोबाईलवर रेकॉर्ड करा. लघुपट पूर्ण होण्याआधी चार महिने काका गेले. त्यांचा आवाज त्यात आहे तो तिने आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता म्हणून.